सुट्ट्या संपल्या, तरी ऑफर लेटर का येत नाही?

शेवटची मुलाखत चांगली झाली, "दोन आठवड्यांत कळवतो" असं सांगितलं गेलं आणि मधेच सुट्ट्या लागल्या. त्यानंतर कंपनीकडून चकार शब्द नाही. अशा वेळी काही उमेदवार चौथ्या दिवसापासून मेलवर मेल टाकायला लागतात, तर काही जण मागे लागल्यासारखं दिसेल म्हणून महिनाभर गप्प बसतात. कंपनीच्या आत नेमकं काय अडलंय याचा अंदाज दोघांनाही नसतो. तो आला, की कधी विचारायचं आणि काय विचारायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

पहिली गोष्ट म्हणजे सुट्टीमुळे होणारा उशीर आणि वर्षअखेरीच्या क्लोजिंगमुळे होणारा उशीर हे दोन वेगळे प्रकार आहेत. कॅलेंडरवर ते शेजारी शेजारी येतात, म्हणून एकच वाटतात. सुट्टीचा उशीर ऑफिस उघडलं की सरायला लागतो. क्लोजिंगचा उशीर मात्र पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो. कारण वर्ष संपलं की अकाउंट्स आणि फायनान्सच्या लोकांचं काम कमी होत नाही, वाढतं. जुन्या वर्षाच्या नोंदी पुऱ्या करायच्या, येणी-देणी जुळवायची, ऑडिटरला आकडे द्यायचे, यात नव्या वर्षाचे पहिले एक-दोन आठवडे सहज जातात. तुमच्या ऑफरवर ज्याची सही हवी, तोच माणूस त्या दिवसांत सगळ्यात जास्त अडकलेला असतो. "ऑफिस सुरू होऊन आठवडा झाला, अजून उत्तर नाही, म्हणजे नकारच" हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

आता निवड झाल्यावर कागद कसा फिरतो ते पाहू. मुलाखत घेणाऱ्यांनी आपापला अभिप्राय भरायचा असतो. मग ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार तो मॅनेजर नाव पक्कं करतो. एचआर पगाराचा प्रस्ताव तयार करतं. तो विभागप्रमुखाकडे जातो, तिथून फायनान्सकडे, आणि मोठी जागा असेल तर आणखी वर. त्यानंतर ऑफर लेटर निघतं. बहुतेक सिस्टीममध्ये या मंजुऱ्या क्रमाने घ्याव्या लागतात. आधीच्याची झाल्याशिवाय पुढच्याला फाइल दिसतच नाही. चार सह्यांपैकी दुसरी सही करणारा रजेवर असेल, तर तिसरा आणि चौथा ऑफिसात बसून असले तरी काही उपयोग नाही. रजेवर जाताना आपले मंजुरीचे अधिकार दुसऱ्याला देता येतात, पण पगाराच्या आणि नव्या नेमणुकीच्या मंजुऱ्या अशा परस्पर द्यायला बरेच अधिकारी तयार नसतात.

शिवाय बजेटची भानगड असते. तुमची जागा सरत्या वर्षाच्या बजेटमधली आहे की येत्या वर्षाच्या, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. सरत्या वर्षाची असेल आणि वर्ष संपेपर्यंत भरली गेली नाही, तर काही कंपन्यांत ती आपोआप पुढे जाते, काहींत रद्द धरली जाते आणि नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. येत्या वर्षाची असेल, तर नवं बजेट सिस्टीममध्ये चढेपर्यंत ऑफर काढताच येत नाही, मॅनेजरने कितीही घाई केली तरी. हे अंतर्गत मामले उमेदवाराला मोकळेपणाने सांगायची पद्धत नाही. म्हणून एचआरकडून "प्रोसेस सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. ते गुळमुळीत वाटतं, पण अनेकदा शब्दशः खरं असतं.

त्यामुळे पाठपुराव्याचं निम्मं काम मुलाखतीच्या शेवटीच उरकून घ्यावं. "काही विचारायचंय का?" असं म्हटलं जातं तेव्हा तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नसते. यापुढे कोणाकोणाची मंजुरी बाकी असते? मधल्या सुट्ट्यांमुळे त्यात फरक पडेल का? आणि ही जागा चालू वर्षातली आहे की पुढच्या? तिसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात. तो थोडा सौम्य करून "रुजू होण्याची तारीख नव्या वर्षातली धरली आहे ना?" असा विचारला तरी उत्तरातून अंदाज येतो. कंपनीचं आर्थिक वर्ष कधी संपतं हेही आधी पाहून ठेवावं. काहींचं ३१ डिसेंबरला संपतं, काहींचं ३१ मार्चला, काहींचं ३० जूनला. मार्चमध्ये वर्ष संपणाऱ्या कंपनीत डिसेंबरच्या सुट्टीचा उशीर हा निव्वळ सुट्टीचा असतो, क्लोजिंगचा नसतो. तिथे जानेवारीत लवकर विचारायला हरकत नाही.

एक उदाहरण तारखांसकट मांडून पाहू. शेवटची मुलाखत मंगळवारी, १६ डिसेंबरला झाली. "दोन आठवड्यांत कळवू" असं सांगितलं गेलं. कंपनी २४ डिसेंबरपासून बंद, सोमवार, ५ जानेवारीला उघडणार. तिचं आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपतं.

कॅलेंडरवर मोजलं तर दोन आठवडे ३० डिसेंबरला संपतात, आणि त्या दिवशी ऑफिसला कुलूप आहे. सांगणाऱ्याच्या मनात मात्र दोन आठवडे म्हणजे कामाचे दहा दिवस असतात, सुट्ट्यांचा विचार त्याने बोलताना केलेला नसतो. तेव्हा मोजणी कामाच्या दिवसांत करावी. १७, १८, १९, २२ आणि २३ डिसेंबर हे पाच दिवस सुट्टीआधी मिळाले. उरलेले पाच ५ ते ९ जानेवारी. म्हणजे खरी मुदत शुक्रवार, ९ जानेवारीची. त्यात क्लोजिंगचा आठवडा धरला तर १६ जानेवारीपर्यंत उत्तर न येणं यात वावगं काही नाही.

पहिला मेल १७ डिसेंबरला जावा. तो आभाराचा, पण शेवटी एक ओळ कामाची: "तुमचं ऑफिस २४ तारखेपासून बंद आहे असं कळलं, त्यामुळे निर्णय जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित धरतो. मध्ये काही कागदपत्रं लागली तर मी उपलब्ध आहे." या ओळीमुळे समोरच्याला तारीख दुरुस्त करण्याची आयती संधी मिळते. तो "हो, तसंच धरा" म्हणाला, तर तुमच्याकडे नवी आणि खरी मुदत आली. "नाही, सुट्टीआधीच कळवतो" म्हणाला, तर मंजुऱ्या बऱ्याचशा झाल्या असाव्यात असं समजावं. २२ किंवा २३ तारखेला पुन्हा मेल टाकू नये. सुट्टीआधीचे शेवटचे दोन दिवस लोक हातातलं संपवण्याच्या गडबडीत असतात, तुमचा मेल वाचून बाजूला ठेवतात, आणि सुट्टीनंतर तो 'वाचलेल्या' मेलच्या ढिगात गडप होतो. न वाचलेला मेल निदान ठळक अक्षरांत दिसत तरी राहतो.

पुढचा मेल बुधवारी, ७ जानेवारीला. ५ तारखेला का नको? पहिल्या दिवशी माणूस बंद काळात साचलेल्या मेलचा फडशा पाडत असतो, आणि जो मेल पटकन निकालात काढता येत नाही तो मागे टाकतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे त्या दिवशी नसतंच, कारण ते ज्याच्याकडे आहे तोही नुकताच परत आलेला असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची एखादी बैठक झालेली असते. आता ९ तारीख अजून उजाडलेली नाही हे खरं, पण बोललेली मुदत, म्हणजे ३० डिसेंबर, उलटून गेली आहे. त्यामुळे विचारण्यात उतावळेपणा दिसत नाही, फक्त निर्णयाऐवजी नवी तारीख विचारायची.

मेल जुन्याच साखळीत, 'रिप्लाय' करून पाठवावा. नवा मेल उघडला की समोरच्याला तुम्ही कोण, कुठली जागा, कधीची मुलाखत हे शोधावं लागतं, आणि शोधायला लागलं की उत्तर लांबतं. मजकूर साधारण असा:

"नमस्कार मॅडम, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. १६ डिसेंबरला सीनियर अनालिस्टच्या जागेसाठी माझी शेवटची फेरी झाली होती. सुट्ट्या आणि वर्षअखेरीमुळे वेळापत्रक पुढे सरकलं असेल याची कल्पना आहे. निर्णयाची साधारण तारीख आता काय धरावी, एवढं कळवाल का? माझा नोटिस पीरियड दोन महिन्यांचा आहे. रुजू होण्याची तारीख ठरवताना तो धरावा, म्हणून पुन्हा सांगतो."

यात विचारलेला प्रश्न एकच आहे आणि एचआरला तो कोणालाही न विचारता सोडवता येतो. "माझं काय झालं?" याचं उत्तर द्यायला त्यांना मॅनेजरला गाठावं लागतं, मॅनेजरला फायनान्सला, म्हणून तो मेल पडून राहतो. "काही अपडेट आहे का?" या प्रश्नाची अडचण वेगळी. अपडेट नसेल तर "नाही" असं लिहायला लोकांना जड जातं, मग ते काहीच लिहीत नाहीत. नोटिस पीरियडचं वाक्यही उगाच घातलेलं नाही. मंजुरीच्या कागदावर रुजू होण्याची अपेक्षित तारीख असते. उशिरामुळे ती मागे पडली तर काही ठिकाणी कागद पुन्हा तयार करून सह्यांसाठी फिरवावा लागतो. ते आधीच लक्षात आलं तर एक फेरा वाचतो.

सुट्टीत चुकून मेल गेलाच आणि "मी रजेवर आहे" असं आपोआप उत्तर आलं, तर ते नीट वाचावं. परतीची तारीख लिहिलेली असते. तुमचा पुढचा मेल त्या तारखेनंतर दोन-तीन कामाच्या दिवसांनी. "तातडीचं असल्यास अमुक यांच्याशी संपर्क साधा" असंही असतं. ते अमुक बहुधा दुसऱ्या विभागाचं काम बघत असतात, तुमची फाइल त्यांनी पाहिलेलीही नसते. तुमच्याकडे खरोखर तारखेची अडचण नसेल तर त्यांना त्रास देऊन काही हाती लागत नाही. मेल परतच आला, म्हणजे तो पत्ताच बंद झाला असेल, तर गोष्ट निराळी. भरतीचं काम करणारे कित्येक जण कंत्राटावर असतात आणि कंत्राटं बहुतेक वेळा वर्षअखेरीला संपतात. तुमच्याशी बोलणारा माणूसच गेला आणि फाइल कोणाकडे सोपवली गेली नाही, असं घडतं. तेव्हा वाट न पाहता लगेच मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला किंवा कंपनीच्या एचआरच्या सर्वसाधारण पत्त्यावर लिहावं: "माझ्याशी ज्यांचा संपर्क होता त्यांचा मेल परत येतोय, आता कोणाशी बोलावं?"

७ जानेवारीच्या मेलला "मंजुरी बाकी आहे, आठवडाभरात कळवतो" असं उत्तर आलं, तर ती नवी मुदत लिहून ठेवावी, तिच्यावर दोन कामाचे दिवस सोडावेत आणि मग विचारावं. उत्तरच आलं नाही, तर उदाहरणातला पुढचा टप्पा शुक्रवार, १६ जानेवारी. आता मेल मॅनेजरला, एचआरला सीसीमध्ये ठेवून. चार जणांना एकदम पाठवू नये. प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी उत्तर देईल आणि कोणीच देत नाही. मॅनेजरला लिहिताना एचआरची तक्रार वाटेल असा सूर टाळावा. मुलाखतीत कामाबद्दल जे बोलणं झालं त्यातला एखादा मुद्दा धरून दोन ओळी लिहाव्यात आणि मग तारीख विचारावी. मॅनेजरला स्वतःला माणूस हवा असतो. मंजुरी अडकली असेल तर फायनान्सच्या मागे लागायला त्याला तुमचा मेल कामी येतो: "उमेदवार विचारतोय, हातचा जाईल" असं तो दाखवू शकतो.

फोन करावा का? आधीचं सगळं बोलणं फोनवर झालं असेल तर एकदा करायला हरकत नाही, तोही ऑफिसच्या वेळेत आणि शक्यतो सकाळच्या बैठका आटोपल्यावर. रुजू होण्यापूर्वीच सुट्टीच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नचिन्ह टाकणारा उमेदवार कोणालाच भावत नाही.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं थांबणं बाजूला ठेवायचं: हातात दुसरी ऑफर असेल तेव्हा. समजा दुसऱ्या कंपनीने २९ डिसेंबरपर्यंत उत्तर मागितलं आहे आणि पहिली कंपनी २४ पासून बंद आहे. मग १९ तारखेलाच, ऑफिस चालू असताना, पहिल्या कंपनीला मेल आणि फोन दोन्ही करावेत. सांगायचं एवढंच, की दुसरी ऑफर लेखी आली आहे, तिची मुदत २९ डिसेंबर आहे, पसंती तुमच्या कंपनीला आहे, आणि २३ पर्यंत काही ठोस कळू शकेल का. दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा पगाराचा आकडा लगेच सांगायची गरज नाही. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीकडेही मुदतवाढ मागावी, नुसती "थोडा वेळ द्या" अशी मोघम नको, तर "८ जानेवारीपर्यंत" अशी तारीख देऊन. सुट्ट्यांमुळे त्यांचंही काम थांबलेलं असतं, त्यामुळे अशी वाढ मिळणं तेव्हा इतर वेळेपेक्षा सोपं जातं. हे न करता सुट्टी लागल्यावर मेल केला, तर तो वाचला जाईल तोवर मुदत संपलेली असते. आणि नसलेली ऑफर दाखवून दबाव आणायचा मोह झाला तर तो आवरावा. वर्षअखेरीला बजेट खरंच बंद असेल तर मॅनेजर हतबल असतो, "मग तुम्ही ती घ्या" म्हणून मोकळा होतो, आणि तुम्हाला माघार घ्यायला जागा उरत नाही.

तोंडी होकारावर राजीनामा देणं हाही याच हंगामातला नेहमीचा घात. "तुमचं झालंय, फक्त लेटर नव्या वर्षात निघेल" असं सुट्टीआधी सांगितलं जातं, सांगणारा प्रामाणिकही असतो. पण नव्या वर्षाच्या बजेटमध्ये जागा कापली गेली किंवा भरती गोठवली गेली, तर त्याच्या शब्दाला अर्थ उरत नाही. नोटिस पीरियड लवकर सुरू व्हावा म्हणून कंपनी घाई करत असेल, तर "लेटर हातात पडलं की त्याच दिवशी राजीनामा देतो" असं सांगावं. यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

उशीर साधा आहे की जागाच डळमळीत झाली आहे, हे बाहेरून ओळखणं अवघड, पण काही खुणा कामाच्या आहेत. एचआर तारीख चुकली तरी उत्तर देतंय, नोटिस पीरियड, रुजू होण्याची तारीख किंवा आधीच्या नोकरीचे संदर्भ विचारतंय, तर फाइल चालू आहे. उत्तरांतून तारीखच गायब झाली आणि "नव्या वर्षाचं नियोजन ठरतंय" असं ऐकू यायला लागलं, तर जागेलाच धक्का बसला असण्याची शक्यता आहे. पोर्टलवरचा 'विचाराधीन' हा शिक्का आणि जाहिरात पुन्हा दिसणं या दोन गोष्टींवर मात्र भिस्त ठेवू नये. शिक्का बदलायला कोणीतरी सिस्टीममध्ये जावं लागतं आणि ते काम सगळ्यात शेवटी होतं. जाहिराती मुदत संपली की काही ठिकाणी आपोआप पुन्हा चढतात.

मॅनेजरलाही लिहून उत्तर आलं नाही, तर शेवटचा मेल १६ नंतर सात-आठ कामाच्या दिवसांनी, म्हणजे बुधवार, २८ जानेवारीच्या सुमारास. तोवर क्लोजिंगची सबब बहुतेक संपलेली असते. या मेलमध्ये प्रश्न विचारू नये, विधान करावं: "या जागेचा निर्णय सध्या होत नसेल तर मी समजू शकतो. मी इतर ठिकाणच्या प्रक्रिया पुढे नेतो आहे. पुढे ही किंवा अशी जागा निघाली तर बोलायला आवडेल." उत्तर देणं बंधनकारक नसल्यामुळे कधी कधी याच मेलला सगळ्यात मोकळं उत्तर येतं. आलं नाही तर त्या साखळीत पुन्हा लिहू नये.

जागा गोठवली गेल्याचं स्पष्ट सांगितलं असेल, तर मात्र बजेटचा फेरआढावा कधी होतो एवढं विचारून ठेवावं. बऱ्याच कंपन्यांत तो तिमाही संपल्यावर होतो. आपल्या उदाहरणात म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच जुन्या साखळीत, मॅनेजरला दोन ओळींचा मेल. नव्याने अर्ज करायला सांगितलं तर करावा, पण आधीच्या फेऱ्या कोणत्या तारखांना झाल्या हे त्यात लिहावं, म्हणजे पहिल्या फेरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही अशी थोडी शक्यता राहते.